स्पॉन्सरचा पहिला मेल किती ओळींचा?

फेस्टचा सीझन आला की प्रत्येक कॉलेजच्या स्पॉन्सरशिप टीममध्ये एक मेल फिरायला लागतो. मागच्या बॅचकडून वारशाने आलेला. त्यात कॉलेजचा इतिहास, फेस्टची थीम, येऊन गेलेले सेलिब्रिटी, प्लॅटिनम-गोल्ड-सिल्व्हरचे दर, सगळं असतं. नाव बदलायचं आणि तोच मेल कोपऱ्यावरच्या कॅफेलाही धाडायचा आणि मोठ्या कंपनीच्या ब्रँड मॅनेजरलाही. उत्तर कुणाचंच येत नाही. मग टीम ठरवते, पुढच्या वेळी मेल छोटा करू.

सगळ्यांना छोटा मेल पाठवणं हीदेखील तीच चूक आहे. लांबी ठरवण्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत. मेल वाचणारा स्वतः निर्णय घेतो, की आणखी कुणाला विचारतो? आणि आपली ऑफर एका वाक्यात कळते का?

कॅफेचा मालक स्वतःच निर्णय घेतो आणि मेल गल्ल्यावर बसून मोबाइलवर वाचतो. ऑफरही सोपी, एक स्टॉल. त्याला ४०-५० शब्द पुरतात. समजा, असे:

‘नमस्कार, आमच्या कॉलेजचा फेस्ट १२ ते १४ डिसेंबरला आहे. कॅम्पसमध्ये खाण्याचे सहाच स्टॉल असतील, त्यातला एक तुम्हाला देता येईल. तीन दिवसांचं भाडं १५ हजार रुपये, वीज आणि टेबलं आमची. मागच्या वर्षी रोज साधारण दोन हजार मुलं आली होती. उद्या चारनंतर पाच मिनिटं भेटायला येऊ का?’

तारीख, पैसे, गर्दी आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येईल असा एक प्रश्न. कॉलेजचा इतिहास त्याला नकोय. तो रोज समोरून जातो.

ब्रँड मॅनेजरचं गणित वेगळं. तिला मेल आवडला तरी ती तो साहेबांना किंवा एजन्सीला फॉरवर्ड करणार, आणि तिथे समजावून सांगायला तुम्ही नसणार. त्यामुळे मेल एकट्याने उभा राहायला हवा. इथे १००-१२० शब्द लागतात. कोण मुलं येतात, हा ब्रँड त्यांच्यासमोर का असावा, फेस्टमध्ये ब्रँड नेमकं काय करू शकेल याची एक कल्पना आणि साधारण खर्च. आकडा कसा मोजला तेही लिहा. ‘५० हजार फुटफॉल’पेक्षा ‘६,२०० जणांनी ऑनलाइन नोंदणी केली’ हे वाक्य साहेबांसमोर जास्त टिकतं. दरांचा तक्ता आणि डेक तिने विचारल्यावर पाठवा.

आता अवघड ऑफर घेऊ. तुम्हाला एखाद्या तिकीट अॅपशी करार करायचाय. सगळी नोंदणी त्यांच्यामार्फत, बदल्यात कमिशन माफ आणि स्टेजवर त्यांचं नाव. अॅपचा पार्टनरशिप बघणारा माणूस हे तपासायलाच बसलेला असतो. इव्हेंट किती, पैसे भरून किती तिकिटं जातात, गोळा झालेले पैसे कॉलेजच्या खात्यात कधी हवेत, आधी कुठल्या अॅपशी करार आहे का? हे नसेल तर तीन मेल नुसते विचारण्यातच जातील. इथे १५०-१८० शब्द चालतात. मात्र प्रत्येक ओळ त्याच्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर असली पाहिजे.

हीच ऑफर त्या कंपनीच्या संस्थापकाला पाठवायची असेल, तर मेल पुन्हा ४० शब्दांवर येतो. तो तपशील तपासणार नाही, फार तर योग्य माणसाकडे ढकलेल. त्याला ऑफर एका वाक्यात सांगा आणि एवढंच विचारा, ‘तुमच्याकडे हे कोण बघतं?’ म्हणजे ऑफर अवघड आहे म्हणून मेल आपोआप लांब होत नाही. ती अडचण सोडवायचं काम वाचणाऱ्याचं असेल, तरच होतो.

लांबी चुकली हे उत्तरांवरून कळतं. ‘कुठलं कॉलेज? तारीख काय?’ असं कुणी विचारलं, तर गरजेची ओळ राहिलीय. ‘डेक पाठवा’ म्हणून पुढे शांतता असेल, तर ‘आम्हीच का?’ याचं उत्तर बहुधा मेलमध्ये नव्हतं. काहीच आलं नाही, तर मात्र लगेच लांबीला दोष देऊ नका. मेल info@ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर पडून असेल, किंवा कंपनीचं वर्षाचं बजेट आधीच वाटून झालं असेल. अशा वेळी शब्द कापून काही होत नाही, माणूस शोधावा लागतो.

तेव्हा यंदा टीमने जुना मेल उघडण्याआधी एक यादी करावी. प्रत्येक नावापुढे लिहावं, ‘स्वतः ठरवतो’, ‘पुढे पाठवतो’ की ‘तपासतो’. तीन रकाने, तीन मेल.