बाराशे रुपयांचे बिल

क्रेडिट कार्डाच्या बिलाचा स्क्रीनशॉट पाहिला की त्यात तीनच गोष्टी ठळक दिसतात : एकूण देय रक्कम, किमान देय रक्कम आणि भरणा करण्याची अखेरची तारीख. व्याजाचा दर त्यात बहुधा नसतोच. तो विवरणपत्राच्या शेवटच्या पानांवर बारीक अक्षरांत छापलेला असतो. म्हणून केवळ स्क्रीनशॉटवर विसंबून हिशेब मांडता येत नाही. पण त्याला व्याजदर, खरेदीची तारीख आणि किमान रक्कम ठरविण्याचा नियम या तीन गोष्टींची जोड दिली, तर साध्या वहीत पुढच्या काही वर्षांचे चित्र उभे राहते.

उदाहरणादाखल असे समजावे की सांगलीतील एका धान्य व्यापाऱ्याच्या मुलाने पुण्यात घर लावताना २० मे रोजी कार्डावर ६०,००० रुपयांचे फर्निचर घेतले. १५ जूनला बिल निघाले. एकूण देय ६०,०००, किमान देय १,२००, अखेरची तारीख ५ जुलै. व्याजदर दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. मुलाने वडिलांना स्क्रीनशॉट पाठविला आणि खाली लिहिले, "बाबा, या महिन्यात बाराशेच भरायचे आहेत."

हे बाराशे आले कोठून? या कार्डाच्या नियमानुसार किमान रक्कम म्हणजे त्या महिन्याचे संपूर्ण व्याज, त्यावरचा जीएसटी, इतर शुल्क आणि हप्ते असल्यास तेही पूर्ण, अधिक उरलेल्या मुद्दलाचे दोन टक्के. पहिल्या बिलात व्याज नव्हते, शुल्कही नव्हते. म्हणून ६०,००० चे दोन टक्के, एवढेच उरले. काही बँका दोनऐवजी पाच टक्के धरतात, आणि तसे असते तर हाच आकडा ३,००० आला असता. आपल्या कार्डाला कोणता नियम लागू आहे, हे अटींच्या पत्रकात दिलेले असते.

मुलाने ५ जुलैला १,२०० रुपये भरले. विलंबशुल्क लागले नाही, बँकेचा फोनही आला नाही. मात्र १५ जुलैच्या बिलात एकूण देय रक्कम ६३,४२६ रुपये दिसली आणि किमान देय ५,८०२ रुपये. पैसे भरूनही देणे सव्वातीन हजारांहून अधिक वाढले आणि किमान रक्कम जवळजवळ पाचपट झाली. बँकेचा हिशेब चुकला, असे प्रथमदर्शनी कोणालाही वाटेल.

चूक काहीच नाही. बिनव्याजी मुदत मिळते ती पूर्ण रक्कम वेळेत भरणाऱ्याला. एक रुपया जरी मागे ठेवला, तरी ती सवलत जाते आणि व्याज अखेरच्या तारखेपासून न लागता थेट खरेदीच्या दिवसापासून लागते. २० मे ते ४ जुलै हे ४६ दिवस ६०,००० रुपयांवर आणि ५ ते १५ जुलै हे ११ दिवस ५८,८०० रुपयांवर व्याज धरावयाचे. रक्कम गुणिले दिवस, गुणिले ०.४२, भागिले ३६५, असा हिशेब केला की दोन्ही मिळून ३,९२० रुपये येतात. त्यावर १८ टक्के जीएसटी, ७०६ रुपये. व्यापारी कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, त्यामुळे पेढीवर बसणाऱ्यांच्या हे चटकन लक्षात येत नाही. क्रेडिट कार्डाच्या व्याजावर मात्र तो लागतो. म्हणून शेकडा साडेतीनचा दर प्रत्यक्षात शेकडा ४.१३ पडतो.

दुसऱ्या बिलातील किमान रकमेचा उलगडा आता सोपा आहे. व्याज व कर मिळून ४,६२६ रुपये आणि ५८,८०० मुद्दलाचे दोन टक्के, म्हणजे १,१७६. एकूण ५,८०२. तेवढे भरले की तिसऱ्या बिलात मागच्या दिवसांचे व्याज नसते आणि किमान रक्कम ३,६०० च्या आसपास उतरते. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार किमान रक्कम अशी ठरवावी लागते की ती भरत राहिल्यास देणे फुगत जाऊ नये, आणि केवळ किमान रक्कम भरल्यास फेड किती लांबते याचा इशाराही विवरणपत्रात द्यावा लागतो. देणे फुगत नाही हे खरे, पण ते किती संथपणे उतरते ते पाहिले पाहिजे.

नवी खरेदी अजिबात केली नाही, असे धरू. दरमहा मुद्दलातून दोन टक्के कमी होतात आणि त्याच मुद्दलावर व्याज व कर ४.१३ टक्के जातात. याचा अर्थ मुद्दलाचा एक रुपया फेडताना व्याजाचे दोन रुपयांहून थोडे अधिक द्यावे लागतात. मुद्दल निम्मे होण्यास किती महिने लागतील, यासाठी सोपा ठोकताळा असा : ७० ला मुद्दलाच्या टक्क्याने भागावे. दोन टक्के असतील तर ३५ महिने, पाच टक्के असतील तर १४.

म्हणजे जवळजवळ तीन वर्षे एकही हप्ता न चुकविता मुलाने सुमारे ९२,००० रुपये भरलेले असतील, त्यांपैकी ६२,००० व्याज व करात गेलेले असतील, आणि ६०,००० च्या मूळ देण्यातील ३०,००० तसेच उभे असतील. मुद्दल ६,००० वर येण्यास साडेनऊ वर्षे लागतात आणि तोवर भरलेली रक्कम १,६५,००० च्या घरात जाते. त्यापुढचा काळ बँकेने ठरविलेल्या किमान रुपयांच्या मर्यादेवर अवलंबून राहतो. मधल्या काळात कार्ड वापरले, तर नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. पहिल्या दिवसापासून तिच्यावर व्याज चालू होते आणि वरचा सारा हिशेब आणखी लांबतो.

एवढा काळ लागण्याचे कारण किमान रकमेच्या स्वभावातच आहे. मुद्दल कमी झाले की तीही कमी होते. ५,८०२, मग ३,६००, मग त्याहूनही कमी. भरणाऱ्याला दिलासा वाटतो, पण फेडीचा वेग त्याच प्रमाणात मंदावतो. समजा, दुसऱ्या बिलापासून मुलाने बिलावरच्या आकड्याकडे न पाहता दरमहा ५,८०० रुपयेच भरण्याचे ठरविले (दुसऱ्या बिलात वरचे दोन रुपयेही घालून), तर चौदा हप्ते आणि पंधराव्या महिन्यात सुमारे तीनशे रुपये, एवढ्यात खाते शून्यावर येते. पहिल्या बाराशेसह एकूण भरणा सुमारे ८२,७०० रुपये, म्हणजे जादा गेलेले २२,७००. बँकेचा दर तोच राहिला, कर तोच राहिला. बदलले ते एवढेच की हप्ता खाली उतरू दिला नाही.

यावरून स्क्रीनशॉट हाती आल्यावर पाहावयाचा क्रमही ठरतो. प्रथम एकूण देय रक्कम पाहावी आणि ती पूर्ण भरता येते का, ते तपासावे. ती भरता येत नसेल तर अटींच्या पत्रकातून मासिक दर काढून त्याला १.१८ ने गुणावे. किमान रकमेतून व्याज, कर, शुल्क आणि हप्ते वजा करून जे उरते, तेवढेच त्या महिन्यात मुद्दलातून फिटणार आहे, हे बिलाच्या समासात लिहून ठेवावे. सांगलीच्या त्या दुसऱ्या बिलावर हा आकडा ५,८०२ पैकी १,१७६ एवढाच येतो.