पगाराची स्लिप आणि खासगीपणाची ढाल

धुळ्यात एका घरगुती बैठकीत एक गृहस्थ तावातावाने म्हणाले, "लग्न झालं म्हणून काय माणसाचं खासगी काही उरतच नाही? बायकोने पगार विचारणं म्हणजे पाळत ठेवणं." माना डोलल्या. मला मात्र हा युक्तिवाद संतापजनक वाटतो.

धुळे-जळगावच्या नोकरदार घरांत कर्ज कसं लपतं, ते बघा. शिक्षक नोकरदारांच्या पतपेढीतून कर्ज घेतो. सहकार कायद्याच्या कलम ४९ खाली त्याच्या लेखी संमतीने हप्ता पगारातूनच कापला जातो. समजा, पगार ७८,००० आहे. भविष्य निर्वाह निधी आणि कर मिळून १२,००० गेले, पतपेढीचे २४,००० गेले. बँकेत जमा झाले ४२,०००. बायको पासबुक बघते आणि पगार बेचाळीस हजारच आहे असं समजते. त्या हिशोबावर ती मुलाच्या क्लासची फी ठरवते, आईच्या औषधाला कात्री लावते. खरा आकडा फक्त स्लिपच्या कपातीच्या रकान्यात असतो, आणि ती स्लिप घरी येत नाही.

आता सांगा, हे कर्ज खासगी कसं? पगारबिलं करणाऱ्या क्लार्कला ते ठाऊक असतं, पतपेढीच्या सचिवाला असतं, जामीन राहिलेल्या दोन सहकाऱ्यांना असतं. ठाऊक नसतं ते एकट्या बायकोला. उद्या बिनपगारी रजा पडली, हप्ता थकला, की वसुली जामीनदारांच्या पगाराकडे वळते. मग सहकारी दारात येऊन म्हणतो, "वहिनी, सरांचा हप्ता माझ्या पगारातून कापताहेत." आपल्याच घरचं कर्ज तिला असं परक्याच्या तोंडून कळतं. खासगीपण जगापासून राखायचं असतं. इथे गावाला माहिती आणि जिचं पोट त्या पैशावर आहे तिलाच अंधारात ठेवलं जातं. ही सरळ फसवणूक आहे.

शेतकऱ्याच्या घरी निदान पीककर्जाचा बोजा सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात दिसतो. त्याच सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायचा विषय निघाला तेव्हाही घर फुटेल अशीच ओरड झाली होती. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरच्या शेतकऱ्यांनी जमिनी बायकांच्या नावे केल्या, घरं फुटली नाहीत.

कुणी म्हणेल, "बायकाही भिशीचे पैसे लपवतात." लपवतात, पण त्या भिशीपायी नवऱ्याच्या ताटातली भाकरी कमी होत नाही. दारुड्या नवऱ्यापासून चार पैसे दडवणारी बाई तर स्वतःचा जीव वाचवत असते.

माझं म्हणणं थोडंच आहे. दोघांनी ठरवून काही रक्कम आपापली ठेवावी, तिचा हिशोब कुणी कुणाला मागू नये. पण पूर्ण पगार, कर्ज आणि दुसऱ्यासाठी दिलेला जामीन दोघांना ठाऊक हवा. पोटगीच्या दाव्यात उत्पन्न, मालमत्ता आणि देणी दोघांनीही प्रतिज्ञापत्रावर सांगावीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवून दिलं. कोर्टात शपथेवर सांगावंच लागतं, तर संसार चालू असतानाच सांगा. या महिन्याची स्लिप घरी आणा आणि कपातीचा रकाना दोघांनी मिळून वाचा.