विश्लेषण : बुरशी नखाला, मग औषधाच्या माहितीपत्रकात यकृताचा इशारा कशाला?

पायाच्या अंगठ्याचे नख पिवळे, जाड झाले किंवा जांघेतला नायटा मलमाने हटेना, की डॉक्टर पोटात घ्यायच्या गोळ्या लिहून देतात. बहुतेक वेळा त्या टर्बिनाफिन किंवा इट्राकोनाझोलच्या असतात. खोक्यातली घडी उलगडली तर आत यकृत, हृदय आणि ‘इतर औषधे’ यांचे लांबलचक इशारे दिसतात. काही जण घाबरून गोळ्या बंद करतात, तर काही जण कागद न वाचताच टाकून देतात. दोन्ही चुकीचे आहे. त्या इशाऱ्यांमागे ठोस कारण आहे आणि ते समजले, तर नेमके कोणी सावध राहायचे हेही कळते.

मलम पुरत नाही का?

त्वचेवरचा छोटा नायटा मलमाने बरा होऊ शकतो. नखाचे तसे नाही. तिथे बुरशी नखाच्या कठीण थराखाली असते आणि वरून लावलेले औषध तिथवर फारसे पोहोचत नाही. गोळीतले औषध रक्तातून नखाच्या मुळाशी जाते आणि वाढणाऱ्या नव्या नखात साठते. म्हणून टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम रोज एक याप्रमाणे हाताच्या नखांसाठी ६ आठवडे, तर पायाच्या नखांसाठी १२ आठवडे देतात. पायाचे नख पूर्ण नवे यायला वर्ष-दीड वर्ष लागते. त्यामुळे कोर्स संपला तरी नख लगेच चांगले दिसत नाही. ‘गुण आला नाही’ असे समजून परस्पर दुसरा कोर्स सुरू करण्याची चूक इथेच होते.

यकृताचा संबंध कुठे येतो?

या गोळ्यांचे शरीरात विघटन होते ते मुख्यतः यकृतात. इट्राकोनाझोलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. बुरशीला आपल्या पेशीचे आवरण बांधायला एक विकर, म्हणजे एन्झाइम, लागते. हे औषध तेच अडवते. हे विकर ‘सायटोक्रोम पी-४५०’ नावाच्या कुळातले आहे. आपल्या यकृतात औषधांचा निचरा करणारी विकरेही याच कुळातली. त्यामुळे बुरशीसाठी घेतलेले औषध यकृतातल्या सीवायपी३ए४ या विकरालाही अडवते. इतर औषधांबद्दलचे बरेचसे इशारे यातूनच आले आहेत.

यकृताला थेट इजा होण्याचा प्रश्न वेगळा आहे. टर्बिनाफिनमुळे गंभीर इजा क्वचितच होते. साधारण ५० हजार ते १ लाख २० हजार प्रिस्क्रिप्शनमागे एक, असा अंदाज आहे. पण ती कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही आणि झालीच तर बहुधा पहिल्या सहा आठवड्यांत दिसते. म्हणून गोळी सुरू करण्याआधी एसजीपीटीसह यकृताची रक्ततपासणी करतात. ज्यांना आधीपासून यकृताचा आजार आहे, त्यांना टर्बिनाफिन देत नाहीत. केटोकोनाझोल हे या गटातले जुने औषध. यकृताच्या इजेमुळेच २०१३ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने त्याच्या गोळ्या थांबवण्याची शिफारस केली. अमेरिकेच्या नियामकानेही त्वचा आणि नखांच्या बुरशीसाठी त्या वापरू नयेत असे बजावले.

एक उदाहरण पाहू

समजा, ५८ वर्षांच्या एका गृहस्थांच्या पायाच्या दोन नखांना बुरशी आहे. ते कोलेस्टेरॉलसाठी एटोरवास्टॅटिन ४० मिलिग्रॅम, रक्तदाबासाठी अम्लोडिपिन आणि अ‍ॅसिडिटीसाठी रोज सकाळी पॅन्टोप्राझोल घेतात. आपल्याकडे घरोघरी दिसणारीच ही यादी. त्यांना कोणी इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल दिल्या तर काय होईल?

पहिली अडचण पोटातच येते. ही कॅप्सूल विरघळायला जठरातले आम्ल लागते, म्हणून ती भरल्या पोटी घ्यायची असते. पॅन्टोप्राझोल नेमके तेच आम्ल कमी करते. औषध नीट शोषले जात नाही आणि महिनोन्‌महिने पैसे घालूनही नख जसेच्या तसे राहू शकते.

दुसरी अडचण यकृतात. एटोरवास्टॅटिनचा निचरा सीवायपी३ए४ करते. ते अडले की रक्तातले एटोरवास्टॅटिन वाढते. इट्राकोनाझोलसोबत ते दिवसाला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त देऊ नये, असे अमेरिकेतले माहितीपत्रक सांगते. हे गृहस्थ दुप्पट घेत आहेत. परिणाम स्नायूंवर होतो. मांड्या-दंड दुखतात, अशक्तपणा येतो. क्वचित स्नायू विरघळू लागतात, लघवी चहाच्या रंगाची होते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. सिम्वास्टॅटिन असेल, तर ते इट्राकोनाझोलसोबत अजिबात चालत नाही.

तिसरी अडचण रक्तदाबाच्या गोळीची. अम्लोडिपिनची पातळीही वाढू शकते, मग पावले सुजतात किंवा चक्कर येते. इट्राकोनाझोल स्वतःही हृदयाचा जोर कमी करू शकते. म्हणूनच हृदयाचे पंपिंग कमी असलेल्यांना नखाच्या बुरशीसाठी ते देऊ नये, असा ठळक इशारा माहितीपत्रकात असतो.

मग या गृहस्थांनी काय करायचे? त्यांच्या यादीशी टर्बिनाफिनचे सहसा जमते, कारण ते सीवायपी३ए४ला अडवत नाही आणि त्याला जठरातले आम्लही लागत नाही. एसजीपीटी नॉर्मल असेल, मूत्रपिंडे ठीक असतील तर डॉक्टर तेच निवडतील. पण हेच गृहस्थ रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा झोपेसाठी अमिट्रिप्टिलिन घेत असते, तर हिशेब बदलला असता. त्या औषधांचा निचरा करणारे दुसरे एक विकर टर्बिनाफिन अडवते. म्हणजे ‘सुरक्षित गोळी’ कोणती, हे रुग्णाच्या यादीवर ठरते. शेजाऱ्याला गुण आलेली गोळी आपल्याला चालेलच असे नाही.

गोळी सुरू असताना काय पाहायचे?

भूक मरणे, सतत मळमळ, कारण नसताना थकवा, उजव्या बरगडीखाली दुखणे, गडद लघवी, पांढरट शौच, डोळे पिवळे होणे किंवा अंगभर खाज. यांपैकी काही दिसले तर पुढची गोळी घ्यायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून रक्त तपासायचे. टर्बिनाफिनने तोंडाची चव जाऊ शकते. ती बहुधा परत येते, पण महिने लागू शकतात, म्हणून डॉक्टरांना सांगावे. इट्राकोनाझोल घेताना पाय सुजले किंवा जिना चढताना दम लागू लागला, तर तो हृदयाचा इशारा समजावा.

इट्राकोनाझोल बंद केल्याबरोबर त्याचा परिणाम संपत नाही. ते रक्तातून जायला एक ते दोन आठवडे लागतात. त्यामुळे थांबवलेली कोलेस्टेरॉलची गोळी पुन्हा कधी सुरू करायची, हेही डॉक्टरांनाच विचारावे.

आणि पहिला प्रश्न

बिघडलेल्या नखांपैकी जवळपास निम्म्या नखांत बुरशी नसतेच. सोरायसिस किंवा घट्ट बुटाचा सततचा मार यांनीही नख तसेच दिसते. नखाचा तुकडा खरवडून केओएच तपासणीसाठी पाठवता येतो. नखाच्या बुरशीने बहुतेकांचा जीव धोक्यात येत नाही, त्यामुळे काही दिवस थांबून निदान पक्के करायला वेळ असतो. पट्टीवरच्या लाल रेघेचा अर्थ हे औषध प्रिस्क्रिप्शनशिवाय घ्यायचे नाही, एवढाच. ती रेघ बाजूला सारून काउंटरवरून कोर्स विकणारा आणि विकत घेणारा, दोघेही बारा आठवड्यांचा धोका न मोजता उचलतात. डॉक्टरांकडे जाताना रोजच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, अ‍ॅसिडिटीच्या आणि आयुर्वेदिकसुद्धा, एका पिशवीत घालून न्याव्यात. माहितीपत्रकातला लांबलचक इशारा आपल्याला लागू आहे की नाही, हे त्या पिशवीवरूनच ठरते.