अनुभव नाही? मग एक प्रोजेक्ट नीट लिहा

शेवटच्या वर्षाची मुलं लिंक्डइन प्रोफाइल दाखवतात, तेव्हा अनुभवाची जागा रिकामी असते. ती झाकायला खाली पंचवीस स्किल्स भरलेली असतात: लीडरशिप, टीमवर्क, मार्केटिंग. प्रत्येकावर चार-पाच एंडोर्समेंट. माझं स्पष्ट मत आहे, याचा उपयोग जवळजवळ शून्य. एंडोर्समेंट म्हणजे एक क्लिक. "तू माझं कर, मी तुझं करतो" हे समोरच्याला लगेच कळतं, कारण सगळी नावं एकाच बॅचची असतात.

त्यापेक्षा `Projects` हा भाग भरा. आपल्या वर्धा जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगाव हळदीला जीआय मानांकन आहे. समजा, तुम्ही बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहात आणि तिथल्या एका शेतकरी गटाची हळद पावडर हिंगणघाटच्या दुकानांत विकून पाहिली. पाकिटं गटाचीच, त्यांच्या एफएसएसएआय नोंदणीची.

बहुतेक जण लिहितात, "हळदीच्या मार्केटिंगवर प्रोजेक्ट केला." यातून काहीच कळत नाही. असं लिहा: "40 किलो पावडर, 250 ग्रॅमची 160 पाकिटं. 11 दुकानांत ठेवली. तीन आठवड्यांत 132 विकली, 28 परत आली. परत आलेली बहुतेक पाकिटं अशा दुकानांतली, जिथे गिऱ्हाईक 50 ग्रॅमचं पाकीट मागत होतं." शेवटचं वाक्य गाळू नका. माल का परत आला हे ज्याला सांगता येतं, त्याने काम स्वतः केलंय हे वाचणाऱ्याला पटतं. मात्र आकडे तुमच्या वहीतलेच हवेत. कुणी दुकानांची नावं विचारली, तर अडखळायला नको.

आता स्किल्स. या प्रोजेक्टमधून निघतात तेवढीच ठेवा: किरकोळ विक्री, पाकिटाचं कॉस्टिंग, एक्सेल. ती त्या प्रोजेक्टला जोडा. जे स्किल कुठल्याच कामाला जोडता येत नाही, ते काढून टाका.

राहिली शिफारस. लिंक्डइनवर `Recommendations` म्हणजे समोरच्याने स्वतः लिहिलेला मजकूर, म्हणून त्याचं वजन एंडोर्समेंटपेक्षा जास्त. पण अडचण अशी, की ती देणारा लिंक्डइनवर आणि तुमच्याशी जोडलेला लागतो. गटाचे काका तिथे नसतील. मग त्यांच्याकडून गटाच्या लेटरहेडवर चार ओळी, सही-शिक्क्यासह घ्या आणि त्यांच्या परवानगीने तो फोटो प्रोजेक्टला जोडा. लिंक्डइनवरची शिफारस प्रोजेक्ट गाइड असलेल्या सरांना किंवा मॅडमना मागा. पण "सर, काहीतरी चांगलं लिहा" असं नको. "सर, परत आलेल्या पाकिटांचा हिशोब मी तुम्हाला दाखवला होता, त्याबद्दल दोन ओळी लिहाल का?" असं विचारा. नेमकं विचारलं की नेमकंच लिहून मिळतं.

उद्या तुम्ही एखाद्या घाऊक व्यापाऱ्याकडे उधारीवर माल मागायला जाल, तेव्हा 28 पाकिटांचा हिशोब कामी येईल. पंचवीस स्किल्स नाही.