पूर्वग्रहाचा भुर्दंड

नोकरभरतीतील जातीय वा धार्मिक पक्षपाताची चर्चा आपल्याकडे बहुधा नीतीच्या अंगाने होते आणि ती तशी होणे योग्यच आहे. परंतु या प्रश्नाला हिशेबाचीही एक बाजू आहे. जो कारखानदार उमेदवाराचे कसब पाहण्याऐवजी आडनाव पाहतो, तो आपल्या मनाच्या समाधानासाठी स्वतःच्या तिजोरीतून पैसे मोजत असतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी हा विचार १९५७ साली ग्रंथरूपाने मांडला. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील रोजगाराचे स्वरूप पालटत असताना तो पारखून घेणे अगत्याचे आहे.

पेडण्यातील तुये औद्योगिक वसाहतीत शेजारी शेजारी दोन कारखाने आहेत, अशी कल्पना करू. माल एकच, गिऱ्हाईकही एकच. पहिला मालक ‘आपल्यातलेच’ वीस कामगार घेतो. निवडीचे वर्तुळ त्याने स्वतःच आखडून घेतल्यामुळे त्याला दरमहा माणशी १८,००० रुपये मोजावे लागतात. ज्यांना त्याने दारातून परतवले ते तितकेच कुशल; पण इतर दारेही बंद असल्याने ते १५,००० रुपयांवर यायला तयार असतात. दुसरा मालक त्यांना १५,५०० रुपये देऊन घेतो. महिन्याला पन्नास हजारांची, वर्षाला सहा लाखांची बचत त्याच्या पदरात पडते. तेवढ्या बळावर तो मालाचा भाव उतरवू शकतो. मग पहिल्याने आपला हट्ट सोडावा, कमी नफ्यावर समाधान मानावे किंवा कुलूप लावावे. पुढे तिसरा, चौथा कारखानदार याच कामगारांच्या शोधात निघाला की त्यांचे वेतन अठरा हजारांकडे सरकू लागते. यात कोणाच्याही उदारपणाची गरज पडत नाही. समान कामाच्या वेतनातील तफावत आटत जाणे, हीच या प्रक्रियेची खूण होय.

मात्र हे चक्र फिरण्यासाठी नव्या कारखानदाराला बाजारात शिरता आले पाहिजे. डिचोलीची कित्येक दशके लोहखनिजावर गेली. खनिजाचा भाव परदेशच्या बाजारात ठरे आणि खाणपट्टा ज्याच्या हाती, त्याच्या शेजारी दुसरा कोणी खाण काढू शकत नसे. एखाद्या खाणमालकाने पक्षपात केला असता, तरी त्याचा भुर्दंड पट्ट्याच्या नफ्यात सहज जिरला असता आणि डावललेल्या मजुराला गावात दुसरे दार सापडले नसते. खाणमालकांनी पक्षपात केलाच, असे आमचे म्हणणे नाही. त्यांना तो परवडला असता, एवढाच मुद्दा आहे. मक्तेदारीच्या सावलीत पूर्वग्रह स्वस्त पडतो.

दुसरी मर्यादा अधिक कठीण आहे आणि तिचा दाखला मुंबईच्या कापडगिरण्यांनी दिला आहे. तेथे गिरण्या डझनांनी होत्या, स्पर्धाही तीव्र होती. तरीही चांगल्या मजुरीचे विणाई खाते अस्पृश्य कामगारांना बंद होते. धोट्यात नवी कांडी बसवताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि त्या धोट्याला अस्पृश्याचे तोंड लागू देण्यास इतर विणकर तयार नव्हते. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. येथे विटाळ मानणारे मालक नव्हते, सहकारी कामगार होते. ज्या मालकाने दार उघडले असते, त्याचेच माग बंद पडण्याचे भय होते. म्हणजे दंड पक्षपात करणाऱ्याला नव्हे, तो मोडणाऱ्याला बसणार होता. अशा ठिकाणी स्पर्धा पूर्वग्रह पुसत नाही, उलट त्याची राखण करते.

म्हणूनच बाजारावर सारे सोपवून स्वस्थ बसता येत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी २००५ पासून ६६ आठवडे खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज धाडले. पात्रता तीच, नावे तेवढी वेगळी. मुलाखतीचे बोलावणे येण्याचा संभव उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला सुमारे दोन तृतीयांश, तर मुस्लिम नावाला एक तृतीयांशच आढळला. देशातील उदारीकरणाला तेव्हा चौदा वर्षे उलटली होती.

डिचोलीच्या खाणी २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली थांबल्या. पेडण्यात २०२३ च्या जानेवारीत मोपा विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. एकाच मालकावर अवलंबून राहण्याची जोखीम पहिल्या तालुक्याने भोगली आहे. दुसऱ्याने ती ओढवून घेऊ नये. सरकारने भूखंड मोजक्या बड्यांना न देता अनेकांना द्यावेत. रिकाम्या जागा वेतनासह जाहीर व्हाव्यात. ठेकेदाराच्या गोतावळ्यात त्या परस्पर भरल्या गेल्या, तर डावललेल्याला दुसरे दार कळणार तरी कसे? आणि खानावळीत वा यंत्रापाशी कोणी विटाळाची भाषा काढलीच, तर तेथील कामगार संघटनेने मालकाआधी उभे राहावे. पूर्वग्रहाचे बिल ज्याचे त्यालाच भरावे लागेल अशी व्यवस्था झाली, तरच स्पर्धा आपले काम करील.