बार उंच उडाला म्हणजे आकडा वाढला असं नव्हे

सर्वेक्षणाचे आकडे सांगणारे हलते व्हिडिओ सध्या प्रत्येक ग्रुपवर फिरतायत. रंगीत बार सरसर वर जातो, आकडा गरगर फिरत थांबतो, मागे ढोल वाजतो, आणि चाळीस सेकंदांत जिल्हा, राज्य, देश, सगळ्यांचा निकाल लागतो. हे व्हिडिओ बनवणारी बरीच मुलं आपल्याच भागातली आहेत, हुशार आहेत. आकडे बहुतेक वेळा खरे असतात. घोळ होतो तो आकडा हलवताना. त्यावर जरा सविस्तर बोलायचंय, कारण विषय लहान मुलांच्या पोषणाचा असला की या घोळावरून अंगणवाडी ताईंना गावात जाब विचारला जातो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचंच घ्या. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या मुलांपैकी वयाच्या मानाने उंची कमी असलेली मुलं चौथ्या फेरीत (२०१५-१६) ३४.४ टक्के होती, पाचव्या फेरीत ३५.२ टक्के. फरक ०.८ चा. आता हे दोन बार काढताना खालची रेघ शून्याऐवजी ३४ वर ठेवली तर काय होतं बघा. पहिल्या बारची उंची उरते ०.४, दुसऱ्याची १.२. म्हणजे दुसरा बार पहिल्याच्या तिप्पट! आकडा कुणी बदलला नाही, बाजूला ३४.४ आणि ३५.२ लिहिलेलंही आहे, पण बघणाऱ्याच्या डोक्यात ‘तिप्पट’ बसलं ते बसलं.

छापील आलेखात ही चलाखी निदान पकडता येते. माणूस थांबतो, बोट ठेवतो, खालची रेघ बघतो. व्हिडिओत तेवढी सवड नसते. डोळा हलणाऱ्या गोष्टीमागे धावतो, आणि रेघेवरचे आकडे जागचे हलत नाहीत, म्हणून ते कुणी वाचत नाही. त्यामुळे बारचा व्हिडिओ असेल तर बार शून्यापासूनच निघाला पाहिजे, याबाबतीत मी हट्टी आहे. शून्यापासून काढले की हे दोन बार जवळजवळ सारखे दिसतात. आणि तेच खरं आहे. हे सर्वेक्षण घरोघरची मोजणी नाही, राज्यातल्या तीसेक हजार निवडक घरांवरून काढलेला अंदाज आहे. एवढा छोटा फरक नमुन्यात कुठली घरं आली यावरूनही पडू शकतो. इथे प्रामाणिक वाक्य एकच: ‘पाच वर्षांत फारसा फरक पडला नाही.’ त्याला ढोल लागत नाही, म्हणून ते कुणी बनवत नाही. खरं तर पाच वर्षांत काहीच हललं नाही, हीच मोठी बातमी आहे.

त्याच सर्वेक्षणात दुसरा एक आकडा खरोखर उडी मारतो. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांमधला ॲनिमिया, म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन कमी असणं. महाराष्ट्रात तो ५३.८ टक्क्यांवरून ६८.९ टक्क्यांवर गेला. आता गंमत बघा. आधीचा ०.८ चा फरक पडदाभर नाचवल्यावर या १५ च्या फरकाला वेगळं काय दाखवणार? दोन्हीकडे तोच ढोल, तोच लाल रंग. बघणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात आणि दोन्ही विसरले जातात.

मग हा आकडा दाखवायचा कसा? माझ्या मते बार बाजूला ठेवा. पडद्यावर शंभर ठिपके मांडा, दहाच्या दहा ओळी. आधी सगळे राखाडी. खाली एकच ओळ: ‘ही महाराष्ट्रातली शंभर मुलं समजा.’ दोन-तीन सेकंद काहीही हलवू नका. मग ५४ ठिपके एका रंगात येऊ द्या, वर ‘२०१५-१६’ ठळक. पुन्हा थांबा. मग त्यांच्यात आणखी १५ ठिपके रंगू द्या, वर्षाची पाटी बदला. झालं. एका वेळी एकच गोष्ट हलली, आणि बघणाऱ्याने बदल स्वतः मोजला. ‘१५ टक्क्यांनी वाढ’ की ‘२८ टक्क्यांनी वाढ’ हा वादही इथे येत नाही. (दोन्ही म्हटलं जातं. शंभरात १५ मुलं वाढली हे खरं, आणि ५३.८ च्या तुलनेत ती वाढ २८ टक्के होते हेही खरं. कुठला आकडा वापरला यावरून बनवणाऱ्याची बाजू ओळखता येते, एवढं सांगून सोडतो.)

थांबण्याचा हिशेब सोपा आहे. पडद्यावरची ओळ स्वतः मोठ्याने दोनदा वाचा. जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ ती तिथे राहू द्या. बरेच जण आवाज बंद ठेवूनच बघतात, त्यामुळे निवेदनावर भिस्त ठेवू नका. आणि ते गरगर फिरणारे आकडे कृपया काढाच. फिरत असताना ते वाचता येत नाहीत आणि थांबल्यावर लगेच पुढचं दृश्य येतं.

या प्रकाराला जगभर नाव मिळवून दिलं ते स्वीडनच्या हान्स रोसलिंग यांनी. २००६ च्या त्यांच्या भाषणात देशांचे फुगे १९६२ पासून पुढे सरकतात. पण फुगे सोडण्याआधी त्यांनी आडव्या रेघेवर काय आहे, उभ्या रेघेवर काय आहे, फुग्याचा आकार म्हणजे काय, हे समजावून सांगितलं होतं. आपल्याकडे फुगे उचलले, समजावणं राहून गेलं. पुढे २००८ मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी अशा हलत्या आलेखांची परीक्षा घेतली. लोकांना ते आवडले, पण स्वतः आकडे तपासायची वेळ आली तेव्हा त्यांच्यावरून चुका जास्त झाल्या. शेजारीशेजारी मांडलेली छोटी, स्थिर चित्रं जास्त अचूक ठरली. म्हणून व्हिडिओच्या शेवटी दोन्ही वर्षांची चित्रं शेजारी ठेवून चार-पाच सेकंद थांबा. लोक तिथेच स्क्रीनशॉट काढतात.

एक गोष्ट मात्र अजिबात चालवून घेऊ नये: वर्तुळाचे तुकडे. पाचव्या फेरीत उंची कमी ३५.२, उंचीच्या मानाने वजन कमी २५.६, वयाच्या मानाने वजन कमी ३६.१. हे तिन्ही एका वर्तुळात टाकले की बेरीज ९६.९ होते, आणि वर्तुळ जवळजवळ भरतं. बघणारा म्हणणार, ‘म्हणजे राज्यात फक्त तीन टक्के मुलं धडधाकट?’ एकच मूल तिन्ही आकड्यांत असू शकतं, हे वर्तुळ सांगतच नाही. इथे तीन वेगळे बार हवेत.

आता ॲनिमियाच्या त्या उडीबद्दल शेवटचं. दोन आकड्यांच्या मधे मास्क, बंद दुकानं, रिकामे रस्ते दाखवले की बघणारा मनातल्या मनात कारण जोडतो: लॉकडाऊनमुळे मुलांचं रक्त कमी झालं. पाचव्या फेरीवर २०१९-२१ असं लिहिलेलं असतं, म्हणून ते पटतंही. पण महाराष्ट्र पहिल्या टप्प्यात होता. इथली घरं २०१९ च्या उत्तरार्धात, डिसेंबर संपायच्या आत फिरून झाली होती. कोरोना तेव्हा इथे आलाच नव्हता. त्यामुळे व्हिडिओच्या शेवटच्या फ्रेमवर सर्वेक्षणाचं नाव, आपल्या राज्यात पाहणी कधी झाली तो काळ, आणि किती घरं, एवढं मोठ्या अक्षरांत लिहा. पुढे पाठवणाऱ्यांनी आधी ती फ्रेम शोधा. नसेल तर बनवणाऱ्याला तिथेच कमेंटमध्ये विचारा: पाहणी कधीची?