फायनल, फायनल २ आणि पुण्याची हद्द

तीन-चार जणांची जीआयएस टीम, एक शेअर्ड ड्राइव्ह आणि त्यात `pmc_boundary.shp`, `pmc_boundary_new.shp`, `pmc_boundary_final.shp` आणि अर्थातच `pmc_boundary_final_2.shp`. हे दृश्य ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांनी इथूनच परत फिरलं तरी चालेल. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

या पसाऱ्याचं खापर बहुतेक वेळा आळसावर फोडलं जातं. मला ते पटत नाही. ‘फायनल’ हे नाव देणारा माणूस बिचारा काहीतरी सांगायचा प्रयत्नच करत असतो, फक्त चुकीच्या प्रश्नाचं उत्तर देतो. फाइल कधी सेव्ह केली हे कॉम्प्युटरला माहीत असतंच. फाइलमध्ये कोणत्या दिवसाचं पुणं आहे, हे मात्र नावाशिवाय कुठेच दिसत नाही.

पुण्याचंच बघा. फेब्रुवारी २०१७ मध्ये महापालिकेची निवडणूक ४१ प्रभागांवर झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ११ गावं हद्दीत आली. २०२१ च्या जूनअखेर आणखी २३ आली. मग २०२४ मध्ये उरुळी देवाची आणि फुरसुंगी बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. म्हणजे चार वेगवेगळ्या हद्दी झाल्या, आणि आपापल्या काळासाठी चारही बरोबर! यातली ‘फायनल’ कुठली? २०११ च्या जनगणनेतली शहराची लोकसंख्या घेऊन तिला २०२१ च्या हद्दीच्या क्षेत्रफळाने भागलं, की घनता एकदम खाली येते. सॉफ्टवेअर चूं करत नाही. आकडा अहवालात जातो, आणि मीटिंगमध्ये लोक त्याच्यावर माना डोलावतात.

म्हणून नावात डेटाची तारीख हवी, कामाची नव्हे. नुसतं वर्षही पुरत नाही, कारण वर पाहिलंत तसं २०१७ मध्ये दोन पुणी होती. मी असं नाव देतो:

```
pmc_boundary_asof202107_32643_v02.gpkg
```

आधी कुणाचं आणि काय, मग कोणत्या महिन्याची स्थिती, मग कोऑर्डिनेट सिस्टिमचा ईपीएसजी क्रमांक, शेवटी आवृत्ती. 32643 म्हणजे यूटीएम झोन ४३ उत्तर. पुणं त्यात बसतं आणि क्षेत्रफळ मीटरमध्ये मिळतं. हा क्रमांक फाइलच्या आतही असतो, मग नावात कशाला? कारण शेपफाइल मेलने फिरताना `.prj` हमखास गळतं, आणि मग थर नकाशावर भलतीकडेच जाऊन पडतो. स्पेस नको आणि नाव इंग्रजी छोट्या अक्षरांत. गावांची मराठी नावं आत, तक्त्यात राहू देत.

v02 चा अर्थही ठरवून घ्या. जुलै २०२१ ची हद्द रेखाटताना कुठे चूक सापडली आणि ती दुरुस्त केली, तर v03. हद्दच बदलली तर asof बदलतो आणि आवृत्ती पुन्हा v01 पासून सुरू होते. या दोन गोष्टींची गल्लत झाली की सगळं मुसळ केरात.

आता फोल्डर. माझ्या मते चार पुरेत:

```
01_raw/      02_work/
03_release/  04_current/
```

01_raw मध्ये बाहेरून जसं आलं तसं, सोबत ‘कुठून आणि कधी मिळालं’ अशी दोन ओळींची टेक्स्ट फाइल. हे फोल्डर सगळ्यांना रीड-ओन्ली. 02_work मध्ये प्रत्येकाच्या नावाचं उपफोल्डर, तिथे हवा तो गोंधळ घाला. (तिथे फायनल_फायनल_३ लाही माझी हरकत नाही :-) ) तपासून झालेली फाइल 03_release मध्ये जाते. तिथे गेलेल्या फाइलला पुन्हा हात लावायचा नाही, चूक सापडली तर पुढच्या नंबरची नवी फाइल.

04_current वर लोक वाद घालतात, पण माझ्या मते ते लागतंच. क्यूजीआयएसचा प्रोजेक्ट थराचा पत्ता फाइलच्या नावानिशी लक्षात ठेवतो. v02 चं v03 झालं की वीस प्रोजेक्टमधले वीस थर तुटतात, आणि वैतागून कुणीतरी v03 चं नाव बदलून v02 करतं. झालं कल्याण! त्यापेक्षा चालू आवृत्तीची एक प्रत 04_current मध्ये साध्या नावाने ठेवा, `pmc_boundary.gpkg`. रोजचे प्रोजेक्ट तिकडे जोडा. ती प्रत बदलायचं काम एकाच माणसाचं, आणि कुठली आवृत्ती तिथे आहे हे शेजारच्या टेक्स्ट फाइलमध्ये. मात्र जो नकाशा छापून बाहेर जाणार, त्याचा प्रोजेक्ट थेट 03_release ला जोडायचा. नाहीतर सहा महिन्यांनी तोच नकाशा उघडलात तर त्यात वेगळीच हद्द दिसेल.

आता शेपफाइल. ही एक फाइल नसून कुटुंब आहे: `.shp` मध्ये आकार, `.dbf` मध्ये तक्ता, `.shx` मध्ये अनुक्रमणिका. आकार आणि तक्ता यांना जोडणारा धागा फक्त क्रम. पाचवा आकार म्हणजे तक्त्यातली पाचवी ओळ, बस्स. ओळखीच्या एका टीममध्ये कुणीतरी प्रभागांची `.dbf` स्प्रेडशीटमध्ये उघडली, नावं अकारविल्हे लावली आणि सेव्ह केली. नकाशा छान उघडत होता, फक्त बहुतेक प्रभागांवर दुसऱ्याच प्रभागाचं नाव होतं.

सिंकवाल्या ड्राइव्हवर याचाच चुलतभाऊ भेटतो: `.shp` तुमची, `.dbf` शेजाऱ्याची. हे पकडायची सोपी युक्ती आहे. `.shx` मध्ये १०० बाइटचं हेडर आणि नंतर प्रत्येक आकाराला ८ बाइट असतात. ४१ प्रभाग असतील तर १०० + ३२८ = ४२८ बाइट. साइज ४३६ दिसली तर आकार ४२ आहेत, मग `.dbf` मध्ये ओळी किती ते बघा. पण वरच्या अकारविल्हेवाल्या केसमध्ये हा हिशोब काही कामाचा नाही, कारण संख्या जुळते. तिथे दोन-चार ओळखीचे प्रभाग नकाशावर क्लिक करून बघणं, हाच उपाय.

म्हणून 03_release मध्ये फक्त जिओपॅकेज. आकार आणि तक्ता एकाच फाइलमध्ये, गळायला काही नाही. त्याचीही एक खोड आहे. आत एसक्यूलाइट असल्यामुळे फाइल क्यूजीआयएसमध्ये उघडी असताना शेजारी `-wal` आणि `-shm` अशा दोन फाइली दिसतात. त्या दिसत असताना नुसती `.gpkg` कॉपी केलीत तर ताजे बदल मागे राहू शकतात. आधी क्यूजीआयएस बंद करा, त्या दोन्ही गेल्या की मग कॉपी करा.

‘हे सगळं कशाला, गिट वापरा की!’ असं आमच्या जमातीतलं कुणीतरी म्हणणारच. स्क्रिप्ट आणि टेक्स्ट फाइलींसाठी जरूर वापरा. पण जिओपॅकेज बायनरी आहे. एका प्रभागाचा एक कोपरा हलवला तरी गिट एवढंच सांगतं की फाइल बदलली, आणि दोघांचे बदल त्याला एकत्र करता येत नाहीत. शिवाय जिओपॅकेज नुसती उघडून बघितली तरी कधीकधी बदललेली दिसते. त्यामुळे कोणता प्रभाग, काय बदललं, कुणाच्या सांगण्यावरून, हे माणसानेच एका ओळीत लिहावं लागतं. ती ओळ नसेल तर फाइल 03_release मध्ये घ्यायची नाही, एवढा खडूसपणा मी करतो.

ही व्यवस्था एका थराला एका वेळी एकच माणूस हात लावतो तोवर चालते. दोघं रोज एकाच थरात रेघा ओढणार असतील तर फोल्डर कितीही नीट लावा, उपयोग नाही. तेव्हा सरळ पोस्टजीआयएस बसवा. आणि जुन्या पसाऱ्याचं काय? तो आवरत बसू नका. सगळा उचलून `z_old` मध्ये टाका, रीड-ओन्ली करा, आणि ज्या फाइलची खरंच गरज पडेल तिची तारीख शोधून तेवढी एकच बाहेर आणा.